तीन वेळा 'रिकव्हरी': क्रिकेटच्या सट्ट्याचं कर्ज कसं चढतं आणि कसं उतरतं

सट्टा खेळणाऱ्याच्या आयुष्यात 'रिकव्हरी' हा शब्द तीनदा येतो. आधी तो स्वतःच म्हणतो, "आजच्या मॅचमध्ये रिकव्हरी करतो." मग वसुलीवाल्यांचे फोन येतात, त्यांच्या विभागाचं नावही रिकव्हरीच. आणि सगळं नीट जुळलं तर हाच शब्द डॉक्टरांकडे ऐकू येतो. हे तिन्ही टप्पे कसे घडतात ते एका माणसाच्या गोष्टीतून पाहू. माणूस काल्पनिक आहे. त्याच्या गोष्टीतलं गणित आणि कायदा मात्र खरा आहे.

रोहन, वय २६. राहतो डोंबिवलीला, नोकरी लोअर परळच्या एका ऑफिसात, अकाउंट्समध्ये. हातात येणारा पगार ३६,०००. घरी आई, निवृत्त बाबा आणि बँकेत नोकरी करणारी मोठी ताई. दर महिन्याला १५,००० तो घरात देतो. मार्च २०२४ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि ऑफिसातल्या चौघांनी जेवणाच्या सुट्टीत शंभर-शंभरची पैज लावली. आठवड्याभरात त्यांतल्या एकाने व्हॉट्सअॅपवर एका एजंटचा नंबर दिला. पाचशे रुपये यूपीआयने पाठवले की 'आयडी' मिळते, म्हणजे सट्ट्याच्या साइटवर एक नाव, एक पासवर्ड आणि पाचशे पॉइंट.

पहिल्या सहा दिवसांत पाचशेचे २,९०० झाले. रोहनने २,००० काढले आणि दहा मिनिटांत ते खात्यात आले. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ या दहा मिनिटांत आहे. सुरुवातीलाच हरणारा माणूस बहुतेक वेळा सोडून देतो. सुरुवातीला जिंकणाऱ्याला मात्र वाटतं की आपल्याला यातलं कळतं. आणि पैसे खरंच परत येतात हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की साइट खोटी असेल ही शंकाही मिटते. एजंटही पहिली रक्कम कधी अडवत नाही.

भावात काय दडलेलं असतं

समजा दोन संघ अगदी बरोबरीचे आहेत, म्हणजे नाणं उडवल्यासारखी अर्धी-अर्धी शक्यता. आयडीवर दोन्ही बाजूंना ९० पैसे भाव दिसतो. याचा अर्थ, शंभर लावले आणि जिंकलो तर नव्वद मिळणार, हरलो तर शंभर जाणार. दोन पैजांत एक जिंकली, एक हरली, तरी दहा रुपये गेले. म्हणजे दर शंभर रुपयांच्या पैजेमागे सरासरी पाच रुपये साइटचे.

पाच रुपये ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते खिशातल्या रकमेवर कापले जात नाहीत, प्रत्येक पैजेवर कापले जातात. रोहन एका सामन्यात २०० च्या साधारण आठ पैजा लावायचा, म्हणजे १,६०० ची उलाढाल. साठ सामन्यांत ९६,०००. त्याचे पाच टक्के ४,८००. तोवर त्याने सगळं मिळून जेमतेम सहा हजार भरले होते, तेच फिरून फिरून लागत होते. दोन महिने खेळून सहा हजारांतले चार-पाच हजार गेले, तर त्याला दुर्दैव म्हणता येत नाही. भावातच ते लिहिलेलं होतं.

'सेशन' हा प्रकार तर जवळून पाहण्यासारखा आहे, कारण नव्या मुलांचा बराच पैसा यात जातो. पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, असा प्रश्न असतो. समजा आयडीवर ५३-५४ लिहिलंय. 'यस' म्हणणाऱ्याला जिंकायला ५४ किंवा जास्त धावा लागतात. 'नॉट' म्हणणाऱ्याला ५३ पेक्षा कमी, म्हणजे ५२ किंवा त्याखाली. बरोबर ५३ झाल्या तर? दोघेही हरतात. दोघांचे पैसे बुकीला. एका धावेची ती फट हीच त्याची कमाई. शिवाय सेशनचा निकाल अर्ध्या तासात लागतो आणि लगेच दहा षटकांचं सेशन तयार असतं. विचार करायला मध्ये वेळच राहत नाही.

आता २६ मे २०२४, चेन्नईतला अंतिम सामना, हैदराबाद विरुद्ध कोलकाता. त्या मोसमात हैदराबादची फलंदाजी विलक्षण होती. २० एप्रिलला दिल्लीत त्यांनी पहिल्या सहा षटकांत बिनबाद १२५ केल्या होत्या. रोहनला हे सगळं पाठ होतं. त्याने सहा षटकांच्या सेशनला २,००० 'यस' लावले. पहिल्याच षटकात अभिषेक शर्मा त्रिफळाचीत, दुसऱ्यात ट्रॅव्हिस हेड शून्यावर. सेशन गेलं. मग दहा षटकांच्या सेशनला ४,००० 'यस'. तेही गेलं. मग पंधरा षटकांना ८,०००. हैदराबाद ११३ वर सर्वबाद झालं तोवर एका डावात १४,००० गेले होते.

त्याचं क्रिकेटचं ज्ञान खोटं नव्हतं. पण हैदराबाद जोरात मारतं हे त्याला माहीत होतं तसं भाव काढणाऱ्यालाही माहीत होतं, आणि ते ज्ञान ५३-५४ या आकड्यात आधीच मोजलेलं होतं. सगळ्यांना ठाऊक असलेल्या माहितीवर पैज लावून वरकड काही मिळत नाही.

पहिली रिकव्हरी: दुप्पट लावायची

दोन, चार, आठ हजार. हरलो की दुप्पट लावायचे, एकदा जरी जिंकलो तरी मागचं सगळं निघेल, ही पद्धत सट्टा खेळणाऱ्या प्रत्येकाला स्वतःची युक्ती वाटते. ती कागदावर मांडून पाहण्यासारखी आहे, कारण ९० पैशांच्या भावात ती दिसते तशी चालतच नाही.

२०० ने सुरुवात करू. हरलो. ४०० लावून जिंकलो तर ३६० मिळतात, निव्वळ फायदा १६०. तेही हरलो तर एकूण ६०० गेले. ८०० लावून जिंकलो तर ७२०, फायदा १२०. पुन्हा हरलो तर १,४०० गेले. १,६०० लावून जिंकलो तर १,४४०, फायदा फक्त ४०. पुन्हा हरलो तर ३,००० गेले. आता पाचवी पैज ३,२०० ची. ती जिंकलो तर मिळतात २,८८०. म्हणजे जिंकूनही १२० रुपये तोटा. चार वेळा हरून पाचव्यांदा जिंकलेला माणूस मनातून सुटलेला असतो आणि हिशेबात तोट्यात असतो. आणि सलग सात वेळा हरला तर २०० पासून सुरू झालेला खेळ २५,४०० गिळतो. सलग सात हार म्हणजे अशक्य गोष्ट, असं वाटतं. पण अर्ध्या-अर्ध्या शक्यतेच्या ३०० पैजांत अशी माळ एकदा तरी लागण्याची शक्यता साधारण तीनात दोन आहे. मोसमभर खेळणाऱ्याच्या ३०० पैजा केव्हाच होऊन जातात.

त्या रात्री आयडीत पैसे उरले नाहीत. एजंटचा मेसेज आला, "भाऊ, टेन्शन नको. क्रेडिट टाकतो, सोमवारी वलण करू."

वलण म्हणजे आठवड्याचा चुकता हिशेब. इथून गोष्ट बदलते. स्वतःचे पैसे लावणारा माणूस निदान पैसे संपले की थांबतो. उधारीच्या पॉइंटवर खेळणाऱ्याला थांबायची जागाच राहत नाही. जूनमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषक झाला, भारत जिंकला, आणि सगळा देश आनंदात असताना रोहन एजंटचे ३१,००० देणं लागत होता. त्यानंतर सामना कोणता याला अर्थ उरला नाही. सप्टेंबरमध्ये तो पहाटे साडेचारला उठून कॅरिबियन लीगवर पैसे लावत होता. त्या संघांतले निम्मे खेळाडू त्याने कधी पाहिलेलेही नव्हते. घरच्यांना ओळखता येण्यासारखी हीच खूण आहे. क्रिकेटचा शौकीन भारताचा सामना बघतो. ज्याची सुटका होत नाहीये तो कुठलाही सामना बघतो, आणि आवाज बंद करून आकडे बघतो.

कर्ज कुठून कुठून येतं

पगार झाला की पहिले पैसे एजंटला जायचे. म्हणून किराणा, पास, मोबाइलचं बिल, सगळं क्रेडिट कार्डावर. कार्डाच्या स्टेटमेंटवर सट्टा कुठेच दिसत नव्हता, फक्त साबण-तेल दिसत होतं. त्यामुळे त्याला स्वतःलाही ते सट्ट्याचं कर्ज वाटलं नाही. ते ५८,००० वर गेलं आणि तो किमान देय रक्कम भरत राहिला. ती २,९००. यांतलं महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज २,०३०, त्यावर जीएसटी ३६५. मुद्दल उतरलं ५०५. आणि आधीचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की नव्या खरेदीची पन्नास दिवसांची सवलत जाते. दुसऱ्या दिवशी घेतलेल्या दुधावरही त्याच दिवसापासून व्याज लागतं.

जुलैमध्ये त्याने एका कर्जाच्या अॅपवरून १,२०,००० घेतले, २८ टक्क्यांनी, १८ महिन्यांसाठी. हप्ता ८,२४०. हेतू चांगला होता: एजंटचं देऊन टाकू, कार्ड भरू, मोकळे होऊ. पैसे खात्यात आले तो शुक्रवार होता. सोमवारपर्यंत त्यांतले ७०,००० आयडीत गेले. कर्ज फेडायला घेतलेलं कर्ज जुगाऱ्याच्या हातात पडलं तर ते भांडवल होतं. हा मुद्दा पुढे सुटकेच्या वेळी फार कामाला येणार आहे.

मग सप्टेंबरअखेर एक विचित्र गोष्ट घडली. पगार खात्यात जमा झाला, पण काढता येईना. शाखेत गेल्यावर कळलं की परराज्यातल्या एका सायबर पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून खातं गोठवलंय. कारण असं. या आयडींचा पैसा भाड्याच्या खात्यांतून फिरतो. पैसे भरताना दर वेळी वेगळ्याच माणसाचा यूपीआय आयडी येतो आणि काढताना तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून पैसे येतात. त्याच खात्यांतून ऑनलाइन फसवणुकीचे पैसेही फिरतात. फसवलेल्या माणसाने तक्रार केली की पैसा जिथे जिथे गेला ती सगळी खाती साखळीने गोठतात. रोहनने ऑगस्टमध्ये 'जिंकून' काढलेले ७,००० असेच कोणाचे तरी होते. अशा वेळी बँकेकडून तक्रारीचा पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी घ्यायचं, खात्याचा उतारा जोडून त्या ठाण्याला खुलासा पाठवायचा, आणि फक्त वादातली रक्कम गोठवा अशी विनंती करायची. याला आठवडे लागतात, कधी महिने.

रोहनला आठवडे नव्हते. घरात १५,००० द्यायचे होते. म्हणून त्याने सात दिवसांची अॅप घेतली. एकात ६,००० चं कर्ज मंजूर झालं, हातात आले ३,९००, बाकीचं 'प्रोसेसिंग'. सातव्या दिवशी परत द्यायचे पूर्ण ६,०००. म्हणजे ३,९०० वर आठवड्याचं व्याज २,१००, शेकडा ५४. एकाचं फेडायला दुसरं, दुसऱ्याचं फेडायला तिसरं. अॅप उतरवताना संपर्कयादी आणि फोटो बघायची परवानगी मागितली होती, ती त्याने दिली. तिकडे तारण फोन नंबरांचंच असतं.

दुसरी रिकव्हरी, आणि वहीतलं एक पान

नोव्हेंबरात एका दुपारी ताईला अनोळखी नंबरवरून रोहनचा फोटो आला, खाली 'चोर' लिहिलेलं. ती ऑफिसातून लवकर निघाली. रात्री स्वयंपाकघरात तिने फोन समोर ठेवला.

"हे काय आहे, एवढंच सांग."

"थोडं देणं आहे."

"थोडं म्हणजे किती?"

"साठ-सत्तर हजार."

इथे थांबायला हवं, कारण पहिला आकडा जवळजवळ नेहमी खोटा असतो. मुद्दाम फसवायचं असतं असं नाही. लाज इतकी असते की माणूस सगळ्यांत कमी ओशाळवाणं वाटेल तेवढंच सांगतो. आणि घरच्यांनी तेवढे भरले की उरलेल्या कर्जासाठी तो गुपचूप पुन्हा खेळतो. ताई बँकेतली होती, तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या पॅनवरचा क्रेडिट रिपोर्ट काढला. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात कार्ड आणि जुलैतल्या अॅपचं नोंदणीकृत कर्ज दिसलं. उरलेलं तीन महिन्यांचा बँकेचा उतारा आणि व्हॉट्सअॅप समोर ठेवून लिहिलं. वहीच्या एका पानावर पाच ओळी झाल्या: कार्ड ५८,०००. अॅपचं कर्ज १,२०,०००. सात दिवसांची तीन अॅप, मागणी ३४,०००. मित्र अमेय ४०,०००. एजंट ६२,०००. एकूण ३,१४,०००.

या पाच ओळी एकसारख्या नाहीत, आणि सगळ्यांत जास्त जो ओरडतो त्याला आधी द्यायचे ही चूक घरोघरी होते. ओरडणारे दोन प्रकारचे असतात, एजंट आणि सात दिवसांवाले.

एजंटचं देणं कायद्याने देणंच नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक आहे आणि पैजेत जिंकलेल्या पैशांसाठी दावा लावता येत नाही. त्यामुळे एजंट कोर्टात जाऊ शकत नाही, त्याच्याजवळ फक्त धमकी उरते. धमकी देऊन पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालचा खंडणीचा गुन्हा आहे. एक गोष्ट मात्र लपवू नये: महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे आणि त्यात खेळणाऱ्यालाही शिक्षा आहे. म्हणून पोलिसांकडे जाण्याआधी वकिलाशी अर्धा तास बोलणं शहाणपणाचं. रोहनच्या घरच्यांनी तेच केलं. ठरलं ते असं: एकट्याने भेटायला जायचं नाही, फोनवर कबुली द्यायची नाही, प्रत्येक मेसेज जपून ठेवायचा. बाबांनी एकदाच, वकिलासमोर, एजंटला फोन करून सांगितलं, "यापुढे बोलायचं ते माझ्याशी आणि लेखी." पंधरा दिवस फोन आले, मग कमी झाले. सगळीकडे हे इतक्या सहज मिटत नाही. एजंट गल्लीतलाच असेल किंवा घरी माणसं येऊ लागली, तर पोलीस ठाणं गाठण्यात उशीर करू नये.

सात दिवसांच्या अॅपला आणखी पैसे देऊन सुटका होत नाही. देणारा सापडला की मागणी वाढते. आधी कर्जाचा तपशील, मागणीचे मेसेज आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे, मग संपर्क आणि फोटोंची परवानगी काढायची, मग अॅप उडवायचं. या क्रमाने, कारण आधी अॅप उडवलं तर पुरावा जातो. १९३० वर फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार. आणि त्याच संध्याकाळी सगळ्या ओळखीच्यांना एक मेसेज: "माझ्या नावाने बदनामीचे मेसेज किंवा फोटो येऊ शकतात. पोलिसांत तक्रार केली आहे. उत्तर देऊ नका, स्क्रीनशॉट मला पाठवा." या एका मेसेजने धमकीतला जोर निघून जातो, कारण ज्या गोष्टीची भीती घालायची ती आपणच सांगून टाकलेली असते. रोहनला तो पाठवायला दोन तास लागले. आलेल्या उत्तरांत कोणी शिव्या दिल्या नाहीत.

नोंदणीकृत कर्ज आणि कार्ड मात्र फेडायचंच. तिथेही वसुलीला मर्यादा आहेत: रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ या वेळेतच करता येतात, आणि नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास देणं निषिद्ध आहे. तक्रार आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते.

बाबा म्हणाले, "एफडी मोडतो आणि संपवून टाकतो एकदाचं."

ताईने अडवलं, आणि तिचं बरोबर होतं. एका झटक्यात सगळं फिटलं की कार्डाची ५८,००० ची मर्यादा पुन्हा मोकळी होते, अॅप आणखी मोठं कर्ज देऊ करतं, आणि ज्याने ते चढवलं त्याच्या अंगाला काहीच लागत नाही. घरच्यांनी एकदा, दोनदा, तीनदा भरलेलं कर्ज हे या दुखण्यात नेहमी दिसतं.

त्याऐवजी रोहनच्या ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेतून १,८०,००० चं कर्ज घेतलं, १२ टक्क्यांनी, ३६ महिन्यांसाठी. हप्ता ५,९८०, पगारातूनच कापला जाणारा. आधी कार्ड आणि अॅप मिळून महिन्याला ११,१४० द्यायला हवे होते. दोन जामीनदार लागले. म्हणजे दोन सहकाऱ्यांना खरं सांगावं लागलं, आणि रोहनच्या मते सगळ्यात अवघड काम हेच होतं. पैसे त्याच्या हातात आले नाहीत. पतसंस्थेने चेक थेट कार्डाच्या बँकेच्या आणि अॅपमागच्या कंपनीच्या नावे काढले. त्याच दिवशी कार्ड बंद करून घेतलं. दोन्हीकडून थकबाकी नसल्याचं पत्र घेतलं, आणि रिपोर्टमध्ये नोंद 'क्लोज्ड' पडली आहे हे दोन महिन्यांनी तपासलं. वसुलीवाले "साठ टक्के भरा, सेटल करून टाकतो" म्हणतात तेव्हा रिपोर्टवर 'सेटल्ड' येतं आणि ते वर्षानुवर्षं पुढच्या गृहकर्जाला आडवं येतं. भरण्याची ऐपत असेल तर पूर्ण भरून बंद करणं स्वस्त पडतं.

अमेयला दर महिन्याला २,५००, सोळा हप्ते.

तिसरी रिकव्हरी

पैशाची व्यवस्था लागली म्हणजे आजार गेला असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचा विकार आहे. आवर सुटणं, जुगार बाकी सगळ्याच्या पुढे जाणं आणि नुकसान दिसूनही न थांबणं, ही त्याची लक्षणं. रोहन महापालिकेच्या रुग्णालयातल्या मनोविकार ओपीडीत गेला. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत झोप, भूक आणि जगणं नकोसं वाटतं का, हे विचारलं. हा प्रश्न वरवरचा नाही. कर्ज उघड होण्याच्या आसपासचे दिवस जिवाला धोक्याचे असतात, आणि घरच्यांनीही तो स्पष्ट शब्दांत विचारावा. रात्री-अपरात्री बोलायला सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीतही, मोफत.

पुढचं काम समुपदेशकाबरोबर, आठवड्यातून एकदा. एका वहीत लिहायचं: हुक्की कधी आली, कुठे होतो, किती जोराची, किती वेळ टिकली. तीन आठवड्यांत नकाशा दिसला. संध्याकाळी सात ते सव्वाआठ, परतीची लोकल, हातात फोन. आयपीएलचा संध्याकाळचा टॉस सातला होतो, सामना साडेसातला. दुसरी वेळ पगाराचा दिवस. आणि हुक्की बहुतेक वेळा वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप ओसरत होती, दर वेळी ती कायमची वाटत असली तरी. मग उपाय त्या तासापुरता बेतला: फोन बॅगेत तळाशी, फोनला लावायचे हेडफोन नकोत म्हणून छोटा रेडिओ, आणि दादरहून गाडी पकडताना ताईला एक फोन.

पैशाला बांधही तसाच घातला. पगाराच्या खात्याचं यूपीआय काढलं, डेबिट कार्ड ताईकडे. दुसऱ्या एका खात्यात दर सोमवारी १,५०० यायचे, फोनवर फक्त तेच. यात एक भोक आहे हे माहीत हवं: डेबिट कार्ड नसलं तरी आधारच्या ओटीपीने यूपीआय पुन्हा सुरू करता येतं. म्हणून दर रविवारी दोघांनी मिळून दोन्ही खात्यांचे उतारे बघायचे असं ठरलं. पाळत वाटू नये म्हणून वेळ त्याने निवडली, चहाची.

एप्रिल २०२५, आयपीएलचा पुढचा मोसम. एका सहकाऱ्याच्या फोनवरून रोहनने ३,००० लावले आणि हरला. त्या रात्री पहिला विचार जुनाच आला, उद्या काढतो. तो घरी आला आणि जेवायच्या आधी ताईला सांगितलं. ती रागावली, जेवली नाही. पण सकाळी दोघांनी वही काढली: फोन दुसऱ्याचा, वेळ लंच, आदल्या दिवशी पगारवाढ नाकारलेली. ही बाजू नकाशात नव्हतीच. सहकाऱ्याला सांगून ते दार बंद केलं, ३,००० त्या महिन्याच्या स्वतःच्या खर्चातून भरले. उपचारात याला घसरण म्हणतात. घसरण लपली की ती पुन्हा जुनी सवय होते, त्याच दिवशी सांगितली तर ३,००० वर थांबते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांची जाहिरात आणि त्यांचे बँकव्यवहार, सगळ्यावर बंदी आली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, नुसत्या खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. बसस्टॉपवरच्या जाहिराती गेल्या, याचा रोहनला खरंच उपयोग झाला. पण व्हॉट्सअॅपवरची आयडी आधीही बेकायदाच होती, तिला या बंदीने फारसा फरक पडला नाही. त्या जुन्या एजंटचा नव्या नंबरवरून दिवाळीच्या शुभेच्छांचा मेसेज आला, खाली "पाचशे बोनस". रोहनने तो ताईला पुढे पाठवला आणि नंबर ब्लॉक केला.

वहीतलं ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे. पतसंस्थेचे हप्ते २०२७ च्या डिसेंबरपर्यंत चालतील. मार्च २०२६ मध्ये अमेयचा सोळावा हप्ता गेला. पैसे पाठवून रोहनने फोनकडे बघत वाट पाहिली. अमेयचं उत्तर आलं: "पोचले. रविवारी ये घरी, आई विचारत होती."